नॉर्मलायझेशनच्या स्लाइड्सवरून दीड तासाचा ग्रुप स्टडी कसा बसवायचा

डीबीएमएसच्या नॉर्मलायझेशन युनिटची पीपीटी उघडली की पन्नासेक स्लाइड्स दिसतात आणि सगळे एकच हिशोब करतात, नव्वद मिनिटं भागिले पन्नास. हे चालत नाही, कारण अॅनोमलीजच्या पंधरा स्लाइड्स पाच मिनिटांत उरकतात आणि कॅन्डिडेट की काढायची एकच स्लाइड अख्ख्या ग्रुपला अर्धा तास अडकवते.

म्हणून आधी एकाने पीपीटी चाळायची आणि प्रत्येक स्लाइडवर खूण करायची, ही फक्त वाचायची की इथे पेन चालवायचं. मग वेळ पेनवाल्यांनाच. आमचा साचा असा: १० मिनिटं व्याख्या आणि अॅनोमलीज, एकमेकांना तोंडी विचारून, स्लाइड्स बंद. २५ मिनिटं क्लोजर आणि कॅन्डिडेट की. ५ मिनिटं चहा (पंधरा होतात, अलार्म लावा). २५ मिनिटं थ्री एनएफ आणि बीसीएनएफ, १० मिनिटं लॉसलेस डिकम्पोझिशन, १० रिकामी, शेवटची ५ उरलेलं वाटून घ्यायला.

पेनच्या ब्लॉकमध्ये एकच गणित पण सगळ्यांनी वेगवेगळं सोडवायचं. उदा. R(A,B,C,D) आणि AB → C, C → D, D → A. बहुतेक जण AB ही की काढतात आणि थांबतात, पण BC आणि BD चं क्लोजर काढलं तर त्यातूनही चारही ॲट्रिब्यूट्स मिळतात, म्हणजे की तीन आहेत आणि सगळेच ॲट्रिब्यूट्स प्राइम. आता दुसऱ्या ब्लॉकमध्ये कुणी म्हणालं की C → D मुळे थ्री एनएफ मोडतो, तर समजायचं की गडी थ्री एनएफमध्ये नाही, क्लोजरमध्ये कच्चा आहे, कारण D प्राइम असल्याने थ्री एनएफ टिकतो, मोडतो तो बीसीएनएफ. तेव्हा ती रिकामी दहा मिनिटं इथेच खर्च करायची आणि परत क्लोजरवर जायचं, व्याख्या पुन्हा वाचून काही होत नाही.

बीसीएनएफमध्ये दुसरी अडचण म्हणजे तोडणं एका फेरीत संपत नाही. D → A वरून (D,A) आणि (B,C,D) केलं की लोक खूश होतात, पण (B,C,D) मध्ये C → D अजून बसलेलंच आहे, म्हणून परत तोडून (C,D) आणि (B,C). आणि यात AB → C कुठल्याच एका टेबलात तपासता येत नाही, हे बोलायला तीन-चार मिनिटं राखूनच ठेवा कारण कुणीतरी विचारणारच की मग हे बरोबर कसं. लॉसलेस आहे, डिपेन्डन्सी मात्र गेली.

फोर्थ नॉर्मल फॉर्मच्या स्लाइड्स असतील तर या दीड तासात घेऊच नका, सरळ शेवटच्या पाच मिनिटांत कुणाला तरी घरी करायला द्या आणि पुढच्या वेळी पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याकडून फळ्यावर घ्या.