हक्कांच्या उत्तरात उदाहरण कुठलं लिहायचं?

नाशिकच्या आमच्या अभ्यासिकेत नवी मुलं राज्यघटनेची सराव उत्तरं माझ्याकडे तपासायला देतात. तीन-चार गुणांच्या प्रश्नात कलम बहुतेकांना पाठ असतं. गुण जातात ते उदाहरणात.

'भेदभावास मनाई' या प्रश्नाला हमखास येणारं उदाहरण असं: 'घरमालकाने धर्म विचारून खोली नाकारली, हा कलम १५ चा भंग.' वाचायला पटतं, पण १५(१) बंधन घालतं ते राज्यावर, म्हणजे सरकार, महापालिका अशा यंत्रणांवर. घरमालक त्यात बसत नाही. म्हणून उदाहरण लिहिण्याआधी एकच विचारा: नाकारलं कोणी? सरकारी शाळेने जात पाहून प्रवेश नाकारला, तर १५(१) चालेल. उपाहारगृहाने, दुकानदाराने जातीवरून आत घेतलं नाही, तर १५(२). तिथे खासगी माणूसही अडकतो. सार्वजनिक विहिरी आणि स्नानाचे घाटही त्याच पोटकलमात येतात.

अस्पृश्यतेचं कलम १७ तर सगळ्यांनाच लागू. इथे नाशिककर मुलं काळाराम मंदिर सत्याग्रह लिहून मोकळी होतात. तो सुरू झाला २ मार्च १९३० रोजी, घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. मग तो कलमाच्या भंगाचं उदाहरण कसा होईल? पार्श्वभूमी म्हणून एक वाक्य द्या, जागा असेल तरच. मी स्वतः हे उत्तर असं लिहीन:

'कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली असून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे. हा हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होतो. उदा., सार्वजनिक विहिरीवर दलित कुटुंबाला अस्पृश्य मानून पाणी भरू न देणारे गावकरी या कलमाचा भंग करतात. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार त्यांना शिक्षा होऊ शकते.'

तरतूद, ती कोणावर बंधनकारक, प्रसंग, परिणाम. 'समाजात समता नांदावी' असलं वाक्य मी खोडतेच. त्याला गुण नाहीत आणि जागा मात्र जाते.

कर्तव्यांत गोंधळ वेगळा. कलम ५१क १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आलं, तेव्हा दहा कर्तव्यं होती; अकरावं, मुलांच्या शिक्षणाचं, २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने. नद्यांचं संरक्षण या यादीत स्पष्ट शब्दांत आहे, त्यामुळे गोदावरीत निर्माल्याची प्लास्टिक पिशवी टाकणं हे कर्तव्यभंगाचं उदाहरण नेमकं बसतं. पण पुढे 'म्हणून ५१क नुसार दंड होतो' लिहिलं की उत्तर फसलं. केवळ कर्तव्य मोडलं म्हणून शिक्षा होत नाही. दंड व्हायचा तर त्यासाठी वेगळा कायदा लागतो.

आणि मतदान करणं, कर भरणं ही दोन्ही या अकरांत नाहीत. तरी दर दुसऱ्या पेपरात ती सापडतात.