मशिनच्या बिलातलं किती मशिनरीत जातं?

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीच्या ऑडिटला गेलो होतो. तिथल्या अकाउंटंटने नव्या सीएनसी मशिनचं बिल जीएसटीसकट मशिनरी खात्याला नावे टाकलं होतं. "बिल मशिनचं आहे, मग जाणार कुठे?" असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, कारण मीही तसंच केलं असतं.

एएस १० हे लेखांकन मानक विचारतं ते एवढंच: मशिन ठरलेल्या जागी आणून चालवण्याजोगं करायला हा खर्च थेट लागला का? लागला तर मशिनरीत, नाहीतर नफा-तोट्यात.

मशिनची किंमत २४ लाख, त्यात १ लाख ट्रेड डिस्काउंट, म्हणजे २३ लाख. वाहतूक आणि क्रेनने उतरवण्याचे ४५,०००, प्रवासातल्या विम्याचे ८,०००, फाउंडेशनचे १,२०,०००. हे सगळं मशिनरीत. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो किमतीत नाही. बांधकामाचं क्रेडिट अडतं हे ऐकून आमच्या एकाने फाउंडेशनचा जीएसटी किमतीत धरला होता. पण मशिनचं फाउंडेशन कायद्याच्या व्याख्येत प्लांट आणि मशिनरीतच येतं, त्यामुळे तेही क्रेडिट मिळतं. क्रेडिट घेतलेल्या जीएसटीवर घसारा मात्र घेता येत नाही. दोन्ही घेतलं तर क्रेडिट नाकारलं जातं.

खरी अडचण एका ओळीत होती: 'इन्स्टॉलेशन, कमिशनिंग व ट्रेनिंग, १,००,०००'. ऑपरेटरला शिकवण्याचा खर्च मशिनरीत धरता येत नाही, आणि बिलात फोड नव्हती. मी सर्व्हिस रिपोर्ट मागवला. इंजिनिअर पाच दिवस येत होता: तीन दिवस लेव्हलिंग, जोडणी, चाचणी, आणि दोन दिवस ऑपरेटरसोबत. म्हणून ६०,००० मशिनरीत आणि ४०,००० खर्चात. पुरवठादाराकडून फोड लेखी मागवणं त्याहून चांगलं, पण तो महिनाभर देत नाही.

चाचणीत ३०,००० चा बार स्टॉक गेला आणि निघालेले नमुने भंगारात ६,००० ला विकले गेले. निव्वळ २४,००० मशिनरीत. वर्षभराच्या एएमसीचे ७५,००० खर्चात, त्यातला पुढच्या आर्थिक वर्षाचा भाग आगाऊ खर्चात. उतरवताना क्रेनचा हुक लागून पॅनेल फुटलं, त्याची दुरुस्ती १८,०००. ही धांदरटपणाची किंमत, मशिनची नव्हे, म्हणून तीही नफा-तोट्यात.

बेरीज: २३,००,००० + ४५,००० + ८,००० + १,२०,००० + ६०,००० + २४,००० = २५,५७,०००.

चाचणी १२ मार्चला पास झाली, ऑर्डर आली एप्रिलमध्ये. अकाउंटंट मधल्या दिवसांचं वीजबिल मशिनरीत टाकायला निघाले होते आणि घसाराही एप्रिलपासून धरणार होते. मशिन वापरण्याजोगं झालं १२ मार्चलाच. त्यामुळे वीजबिल खर्चात गेलं आणि त्या वर्षाच्या ताळेबंदात वीस दिवसांचा घसारा लागला.