जिन्याच्या टू-वे स्विचमध्ये या चुका टाळा

मागच्या वर्षी मावशीच्या घरी रंगकाम झालं, रंगाऱ्यांनी सगळ्या बोर्डांच्या प्लेटी काढल्या, जिन्याचे दोन स्विचही सुटे केले आणि काम झाल्यावर आठवेल तशा वायरी परत खोचल्या. रंग छान झाला पण जिन्याचा लाइट वेड्यासारखा वागायला लागला. खालून लावला की वर जाऊन बंद करता येत होता, पण एकदा वरून बंद केला की खालचा स्विच कितीही वेळा दाबा, लाइट लागायचाच नाही, परत वर जाऊनच बटण फिरवावं लागायचं. मावशीचे गुडघे दुखतात आणि रात्री त्या अंधाऱ्या जिन्यात चढायचं म्हणजे पडायचीच भीती. एका वायरमनने येऊन दोन्ही स्विच नवे बसवून दिले, पैसे घेतले आणि लाइट होता तसाच, कारण स्विच खराब नव्हतेच, वायर चुकीच्या स्क्रूला होती.

आधी बरोबर जोडणी डोळ्यासमोर आणू म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. टू-वे स्विचला मागे तीन टर्मिनल असतात. एक कॉमन, आणि बाकीचे दोन ज्यांच्याकडे कॉमन आळीपाळीने जोडला जातो. म्हणजे हा स्विच काही बंद करत नाही, तो फक्त रस्ता बदलतो, रेल्वेच्या सांध्यासारखा. एमसीबीकडून आलेली फेज खालच्या स्विचच्या कॉमनला. तिथल्या उरलेल्या दोन टर्मिनलमधून दोन वायरी पाइपातून वर जातात, त्या ट्रॅव्हलर, आणि त्या वरच्या स्विचच्या त्याच दोन टर्मिनलला लागतात. वरच्या स्विचच्या कॉमनमधून एक वायर निघते ती थेट बल्बच्या होल्डरला. न्यूट्रल कुठल्याही स्विचमध्ये जात नाही, तो सरळ होल्डरला येतो. दोन्ही स्विच एकाच ट्रॅव्हलरवर असले की लाइट लागतो, वेगवेगळ्या ट्रॅव्हलरवर असले की बंद. ट्रॅव्हलर आपसात उलटसुलट झाले तरी काही बिघडत नाही, फक्त बटणाची दिशा बदलते. पण कॉमन आणि ट्रॅव्हलरची अदलाबदल झाली की मावशीच्या घरचा प्रकार होतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक ही कॉमनची. एका स्विचवर जरी असं झालं तरी दोन स्विचच्या चार स्थितींपैकी फक्त एका स्थितीत लाइट लागतो आणि बाकी तिन्हींत बंद. नीट जोडलेला असेल तर चारपैकी दोनात लागतो. म्हणून तुमच्याकडे लाइट एका स्विचवर अडकलेला वाटत असेल तर आधी कागदावर चार ओळी लिहून बघा, खाली वर, वर वर, असं, आणि कुठे लागतो ते टिक करा. एकच टिक आली तर वायर चुकीच्या टर्मिनलला आहे किंवा कोणीतरी टू-वेच्या जागी साधा वन-वे स्विच बसवलाय. वन-वे ला मागे दोनच टर्मिनल असतात, ते प्लेट काढल्यावर लगेच दिसतं.

आता दोघांपैकी कोणता स्विच चुकलाय हे चार टिकांवरून कळत नाही, कारण खाली चूक असो की वर, लक्षण हुबेहूब तेच दिसतं. हेच लोकांना माहीत नसतं आणि मग अंदाजाने वायरी फिरवत बसतात. मी जे केलं ते सांगतो. ज्या स्विचला फेज येते, आमच्याकडे खालचा, त्याच्या मागचे तीन टर्मिनल टेस्ट लॅम्पने तपासायचे. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरमध्ये साधा पिवळा फिलामेंटचा झिरो बल्ब आणि दोन इन्शुलेटेड टोकांच्या वायरी, एक टोक बोर्डाच्या न्यूट्रलला, दुसरं एकेका टर्मिनलला. हे पॉवर चालू ठेवूनच करावं लागतं, त्यामुळे हाताला सवय नसेल तर वायरमनलाच समोर उभं राहून करायला सांगा. मग दोन्ही स्विच फिरवून प्रत्येक स्थितीत किती टर्मिनलवर बल्ब पेटतो ते मोजायचं. सगळं ठीक असेल तर कुठल्याही स्थितीत नेमके दोन पेटतात, एक कॉमन आणि एक ट्रॅव्हलर. एखाद्या स्थितीत एकच पेटला तर चूक याच स्विचमध्ये आहे, कारण फेज कॉमनला नसून बाजूच्या टर्मिनलला लावलीय आणि स्विच दुसरीकडे फिरला की ती तिथेच अडकते. एखाद्या स्थितीत तिन्ही पेटले तर चूक पलीकडच्या स्विचमध्ये, तिथे कॉमनला ट्रॅव्हलर लागलाय आणि तो स्विच एका बाजूला गेला की दोन्ही ट्रॅव्हलर एकमेकांना जोडून टाकतो, म्हणून दोघांत फेज दिसते.

मावशीकडे वरचा स्विच लाइट बंद करायच्या बाजूला असताना खाली तिन्ही पेटले. म्हणजे चूक वर. मेन बंद केला, वरची प्लेट काढली, आणि होल्डरकडे जाणारी वायर शोधली. त्यासाठी मल्टीमीटर बीपवर ठेवून होल्डरच्या एका टोकापासून वरच्या बॉक्सपर्यंत बघितलं, बल्ब काढूनच, नाहीतर बल्बमधून चुकीचा बीप येऊ शकतो. ती वायर बाजूच्या टर्मिनलला होती. तिला कॉमनला नेलं आणि कॉमनवरची वायर त्या रिकाम्या जागी लावली. दहा मिनिटं. त्या वायरवर पांढरी पट्टी लावून "लाइट" लिहिलं, आणि खालच्या फेजवर "फेज", पुढच्या रंगकामाला परत हे नको म्हणून.

कॉमन कोणता हे ओळखण्यातही लोक फसतात. जुन्या पियानो स्विचमध्ये तीन टर्मिनल एका रांगेत आणि साधारणपणे मधला कॉमन, म्हणून तो हाताला लागलेला असतो, पण मॉड्युलर स्विचमध्ये कंपनीप्रमाणे तो वेगळ्या जागी असतो आणि नवा बसवताना जुन्या जागेवर विश्वास ठेवला की चूक झालीच. स्विच हातात सुटा असतानाच मीटरचा बीप लावून बघा, तीन टर्मिनलच्या तीन जोड्या होतात, त्यातली एक जोडी स्विच कुठेही असला तरी कधीच बीप देत नाही. ती दोन टर्मिनल ट्रॅव्हलरची, उरलेलं कॉमन. स्विचवर काय छापलंय ते वाचत बसण्यापेक्षा हे पक्कं.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे आणि ती लाइट नीट लागत असताना लपून राहते. जिन्याला फेज खालच्या मजल्याच्या सर्किटमधून घेतात आणि होल्डर वर असल्यामुळे न्यूट्रल वरच्या मजल्याच्या सर्किटचा जोडतात, कारण तो जवळ मिळतो. लाइट मस्त लागतो. पण ज्यांच्याकडे दोन मजल्यांना वेगळे आरसीसीबी, म्हणजे लिकेज झालं की वीज तोडणारे स्विच, आहेत त्यांना मात्र जिन्याचा लाइट लावला की आरसीसीबी खटकन पडतो आणि मग सगळे बल्ब, पंखा, फ्रिज यांच्यात लिकेज शोधत बसतात. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का हे मोजतो आणि इथे तो दुसऱ्याच आरसीसीबीमधून परत येतोय. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या मधे कुठेही पडू शकतो, आणि 9 वॉटचा एलईडी 40 च्या आसपास किंवा जास्तच घेतो, त्यामुळे तेवढा एक बल्ब पुरतो. खूण अशी की इतर काहीही चालू केलं तरी पडत नाही, नेमका जिन्याच्या लाइटला पडतो, आणि बल्ब काढून स्विच दाबला तर पडत नाही. बल्ब काढूनही पडला तर तो खरा लिकेज.

घराला एकच आरसीसीबी असेल तर तो पडणार नाही आणि म्हणून चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मग कधीतरी कोणीतरी वरच्या मजल्याचा एमसीबी बंद करून न्यूट्रलची जोडणी सोडतो, आणि जिन्याचा लाइट चालू असला तर बल्बमधून येऊन 230 व्होल्ट त्या सुटलेल्या न्यूट्रलवर उभे राहतात. काळी वायर म्हणून हात लावणाऱ्याला शॉक. म्हणूनच जिन्याचं काम करताना एका एमसीबीवर भरवसा ठेवू नका, मेन खाली करा. आणि दुरुस्ती एकच, ज्या सर्किटची फेज त्याच सर्किटचा न्यूट्रल, भले त्यासाठी एक वायर पाइपातून वर ओढावी लागली तरी.

तिसरं, जुन्या घरांत एक शॉर्टकट दिसतो तो अजूनही काही जण करून देतात. दोन्ही स्विचच्या बाजूच्या टर्मिनलला जवळपासची फेज आणि न्यूट्रल थेट लावायचे आणि दोन कॉमनच्या मधे बल्ब. ट्रॅव्हलर ओढायची गरज नाही, म्हणून वायर वाचते. यात बल्ब बंद असतो तेव्हा होल्डरच्या दोन्ही टोकांना एकतर न्यूट्रल असतो नाहीतर दोन्हींना फेज, आणि स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला हे कळत नाही. शिवाय त्या इवल्याशा स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल दोघे शेजारी, आत ठिणगी ओढली गेली तर तिथेच शॉर्ट. ओळखायची खूण, लाइट बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा, मग दोन्ही स्विच फिरवून परत बंदच्या दुसऱ्या स्थितीत बघा. एका स्थितीत दोन्ही टोकं झळकली तर हाच प्रकार. इथे दुरुस्ती नाही, वायरिंग नव्याने.

शेवटचं, एलईडी बंद असूनही मंद झळकतो अशी तक्रार जिन्याच्याच लाइटबद्दल जास्त येते. बरोबर जोडणीतसुद्धा होतं हे. दोन ट्रॅव्हलर एकाच पाइपात शेजारी शेजारी धावतात, एकात कायम फेज असते आणि बंद असताना बल्बला लागलेला दुसरा तिच्या शेजारून थोडा व्होल्टेज उचलतो. मीटरवर तिथे 50-60 व्होल्ट वगैरे दिसतात, साधा टेस्टरही हलका लागतो आणि माणूस घाबरतो, पण टेस्ट लॅम्प लावला की ते शून्य होतं. टेस्ट लॅम्प न झळकता शांत राहिला तर वायरिंगला हात लावू नका, वेगळ्या कंपनीचा बल्ब लावून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यात जातं, नाहीतर होल्डरपाशी फेज-न्यूट्रलमध्ये स्नबर, म्हणजे हा उचललेला व्होल्टेज मारणारा छोटा तुकडा, बसवतात. टेस्ट लॅम्प पेटला मात्र, तर चूक वायरिंगमध्येच आहे आणि परत पहिल्यापासून तपासायला सुरुवात करा.