नाव आठवेना, मिस्ड कॉलने काम झालं

परवा गंगापूर रोडला मिसळ खात होतो तर समोरून एकजण, "काय साहेब, ओळखलं का?" चेहरा पक्का ओळखीचा पण नाव काही आठवेना. अशा वेळी अंदाजाने नाव घेऊ नका, चुकलं तर समोरच्याला लागतं. मी म्हटलं, "न ओळखायला काय झालं, बसा ना! सध्या कुठे असता?" तर म्हणे सातपूरलाच, तीच कंपनी, मग जुन्या शिफ्टच्या गप्पा निघाल्या, नाव मात्र नाहीच. शेवटी म्हटलं, "माझा नंबर आहे ना? एक मिस्ड कॉल द्या." त्यांचा नंबर सेव्ह होता, स्क्रीनवर नाव आलं! सेव्ह नसता तर मोबाईल त्यांच्याच हातात देऊन आडनावासकट नाव टाकायला सांगणार होतो, कारण नुसता नंबर घेऊन उपयोग नाही.