तेल महागलं म्हणून शेवेचं पाकीट लहान करण्याआधी

फरसाणाच्या धंद्यात नवे असाल तर तेलाच्या डब्याचा भाव चढला की पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. १४ सप्टेंबर २०२४ला केंद्राने कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तेव्हा छोट्या कारखान्यांची झोप उडाली होती. पण मे २०२५च्या अखेरीस तेच शुल्क १० टक्क्यांवर आलं. तेलाचा भाव चढतो तसा उतरतोही. पाकिटाचं कमी केलेलं वजन मात्र सहसा परत वाढवलं जात नाही, आणि गिऱ्हाईक ते विसरत नाही.

आधी एक किलो शेवेचा खरा खर्च काढा. कढईत किती तेल ओतलं ते मोजून उपयोग नाही, शेवेत किती गेलं ते मोजायचं. दिवसाच्या सुरुवातीला कढईतलं तेल वजनात घ्या, मधे घातलेलं मिळवा, संध्याकाळी उरलेलं वजा करा आणि तयार मालाने भागा. टाकून दिलेलं तेलही खर्चातच धरा. बारीक शेवेला साधारण असा हिशेब येतो: एक किलो मालाला ६७० ग्रॅम बेसन, ३४० ग्रॅम तेल. (तळताना बेसनातलं पाणी उडतं, म्हणून बेरीज किलोपेक्षा जास्त दिसते.) बेसन १०० रुपये किलो आणि तेल १२० रुपये किलो धरलं तर बेसनाचे ६७, तेलाचे ४१, मीठमसाला १२, गॅस १५, मजुरी ३५ आणि २०० ग्रॅमच्या पाच पाकिटांचे १५. एकूण १८५ रुपये.

आता तेल १५० झालं. म्हणजे २५ टक्के वाढ. पण किलोमागे खर्च वाढला १० रुपये, पाकिटामागे दोन रुपये. हे दोन रुपये वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण तुम्हाला भरून काढायचे आहेत ते एवढेच.

बहुतेक नवे लोक अडकतात ते इथेच. बाजारात सल्ला देणारे भरपूर भेटतात, "दोनशेचं एकशेऐंशी करा, कोणाच्या लक्षात येत नाही." असा सल्ला फुकट मिळाला तरी घेऊ नका. किती महाग पडतो ते बघा. बेसन, तेल, मसाला मिळून किलोला १३० रुपये. २० ग्रॅम कमी केले की तुमचे २ रुपये ६० पैसे वाचतात. पाकीट, लेबल, सील करायची मजुरी तेवढीच राहते. उलट एका किलोची पाच पाकिटं होत होती ती साडेपाच होतात, म्हणजे पॅकिंग वाढतंच. आणि गिऱ्हाईकाचं काय जातं? ६० रुपयांचं २०० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ३० पैसे, त्यामुळे त्याच्या हातून सहा रुपयांचा माल जातो. तुम्हाला अडीच रुपये मिळावेत म्हणून त्याचे सहा गेले. त्याच्या दृष्टीने ही अकरा टक्क्यांच्या आसपासची दरवाढ आहे, तुमचा खर्च वाढलाय साडेपाच टक्क्यांनी. आणि हे लपतही नाही. एमआरपीसोबत ग्रॅमचा भाव छापावा लागतो, तो ३० पैशांवरून ३३ वर गेलेला पाकिटावरच दिसतो. जुन्या छापील पाकिटांवर नव्या वजनाचा स्टिकर मारून चालत नाही, स्टिकरने फक्त एमआरपी कमी करता येते. म्हणजे छापलेला साठाही वाया.

दहा रुपयांच्या पुडीचं वेगळं आहे. तिथे नाणं ठरलेलं असतं, वजनच हलतं आणि गिऱ्हाईकही ते धरून चालतं. तिथे बिनधास्त वजन कमी करा. पाव किलो आणि अर्धा किलोला मात्र हात लावू नका. आपल्याकडे "पाव किलो शेव द्या" हे माप आहे. २३० ग्रॅम दिलंत तर ते फसवणूक वाटतं, कितीही स्पष्ट छापलं असलं तरी.

मग दोन रुपये कुठून आणायचे? पहिली जागा वजनकाटा. घाईत हाताने भरलेल्या पाकिटात २०६ ग्रॅम सहज जातात. सरासरी २०२ वर आणली तर ५० पैसे वाचतात, आणि कोणाचं काही जात नाही. २०० च्या खाली सरासरी जाऊ द्यायची नाही, एवढी काळजी घ्या.

दुसरी जागा तेलाची खरेदी. डब्यावर "१५ लिटर" आहे की "१५ किलो" ते वाचा. तेलाचा लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो, म्हणजे १५ लिटरचा डबा १३.६५ किलोचा. १,९५० रुपयांचा लिटरचा डबा किलोला १४३ पडतो, २,१०० चा किलोचा डबा १४०. स्वस्त दिसणारा महाग निघतो. व्यापाऱ्याशी नेहमी किलोच्या भावात बोला आणि उधारीऐवजी रोख दिलं तर किती सोडतो ते विचारा. किलोला पाच रुपये सुटले तर पाकिटामागे ३४ पैसे.

पाककृतीतून फार मिळत नाही, हे ऐकून निराश होऊ नका. शेव वजनावर विकली जाते, त्यामुळे तेल ३० ग्रॅम कमी प्यायलं की तेवढं वजन बेसनाने भरावं लागतं. वाचतो तो दोन्हींच्या भावातला फरक, पाकिटाला पंचवीसेक पैसे. तरी करा, कारण माल कमी तेलकट होतो. तेल सर्वांत जास्त मुरतं ते माल बाहेर काढल्यावर, थंड होताना, कारण आतली वाफ आटते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच ३०-४० सेकंद धरा, गरम असतानाच निथळू द्या. पीठ सैल झालं किंवा तेल १७० अंशांच्या खाली गेलं की शेव तेल पिते. घाणा टाकल्यावर तापमान खूप पडत असेल तर घाणा लहान करा.

बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळणं हा मात्र आखूड रस्ता आहे. चव बदलते, घटकांच्या यादीत लिहावं लागतं, आणि "शुद्ध बेसन" छापलं असेल तर ते खोटं ठरतं. तेल बदलायचंच असेल तर चाचणी घ्या: बारा माणसांना तीन-तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. नुसत्या अंदाजाने चौघे बरोबर सांगतील. आठ किंवा जास्त जणांनी ओळखली तर नियमित गिऱ्हाईकही ओळखेल. आणि नमुना महिनाभर ठेवून पुन्हा चाखा, खवटपणा पहिल्या दिवशी कळत नाही.

एवढं करून पाकिटामागे एक रुपया दहा पैसे सुटले. उरले नव्वद पैसे. ते दुकानदाराशी बोलून घ्यायचे. ५० ला देत होतात ते ५१ करा, एमआरपी ६० च ठेवा. त्याचा नफा दहावरून नऊ होतो, म्हणून तो कुरकुरणार. पंधरा दिवस आधी सांगा, हातातल्या ऑर्डर जुन्या भावाने पूर्ण करा आणि लिहून द्या की तेल १३० च्या खाली आलं तर पुन्हा ५० ला देऊ. कॅन्टीनसारख्या बांधील गिऱ्हाईकाच्या करारातही हेच कलम घाला: तेलाचा आजचा भाव, आणि तो १० टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला की दर बदलणार. सुट्या मालाला किलोमागे १० रुपये उघड वाढवा आणि पाटीवर जुना-नवा दोन्ही भाव लिहा. कारण विचारलं तर डब्याचं बिल दाखवायला तयार असा.