अधिवेशनाला कॅमेरा घेऊन अमेरिकेला जाताय? या चुका टाळा

बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी उत्तर अमेरिकेत भरतं. २०२४ साली ते सॅन होजेला झालं. अशा कार्यक्रमाच्या वार्तांकनाला ठाण्या-डोंबिवलीतली छोटी वेब चॅनलं निघतात तेव्हा पहिली चूक घरातूनच होते: ‘दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहेच की!’

तो चालत नाही. अमेरिकेत बातमीसाठी काम करायचं असेल तर ‘आय’ व्हिसा लागतो, आणि तो वार्ताहरासोबत कॅमेरामन आणि संकलकालाही वेगवेगळा काढावा लागतो. त्या टुरिस्ट, म्हणजे बी१/बी२ व्हिसावर उतरून विमानतळावर ‘शूटिंगला आलोय’ म्हणालात तर तिथला अधिकारी परतीच्या विमानात बसवू शकतो. आयोजकांनी ईमेलवर पाठवलेला मीडिया पास दाखवूनही उपयोग नाही. पासमुळे सभागृहाचं दार उघडतं, देशाचं नाही.

दुसरी चूक पैशाची, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. अर्जासोबतच्या पत्रात ‘आयोजक आमचा खर्च आणि मानधन देत आहेत, आम्ही त्यांची फिल्म करून देणार’ असं लिहिलं की ते वार्तांकन उरत नाही, प्रसिद्धीचं काम होतं. ‘आय’ व्हिसा बातमी आणि माहितीपर कामासाठी आहे. जाहिरात किंवा मनोरंजनासाठी वेगळे मार्ग आहेत. म्हणून आधी घरच्या घरी ठरवा, आपण नक्की काय करायला चाललोय. कॅमेरामन फ्रीलान्स असेल तर चॅनलशी झालेला लेखी करार हवा. तोंडी ‘तो आपलाच माणूस आहे’ वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीत चालत नाही.

नावाचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ओळखपत्रावर फक्त नाव-आडनाव आणि बातमीखाली कधी टोपणनाव. व्हिसाचा DS-160 अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा. चॅनलच्या पत्रात पासपोर्टवरचं पूर्ण नाव लिहून ‘या नावाने लेखन प्रसिद्ध होतं’ एवढी ओळ घाला. अधिवेशनाच्या पाससाठीही हेच नाव द्या.

आता सामान. महागडा कॅमेरा, लेन्स, माइक नेऊन परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट काढतात, म्हणजे सामान ड्युटी न भरता तात्पुरतं परदेशात नेऊन परत आणण्याचं कस्टम्सचं कागदपत्र. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. त्यातली सामानाची यादी हाच त्याचा जीव: प्रत्येक वस्तूचं वर्णन, सीरियल नंबर, नग, वजन, किंमत, कुठं बनली. एकदा कार्नेट निघालं की यादीत भर घालता येत नाही.

समजा नौपाड्यातल्या चॅनलनं कॅमेरा आणि तीन लेन्स भाड्यानं घेतल्या. जायच्या आदल्या संध्याकाळी भाडेवाला म्हणतो, ‘७०-२०० दुसरीकडे गेली, सेम मॉडेल देतो, टेन्शन नका घेऊ.’ मॉडेल तेच असलं तरी सीरियल नंबर वेगळा, म्हणजे कस्टम्सच्या लेखी वस्तू वेगळी. यादीतला आकडा पेनानं खोडून दुरुस्त करायला जाऊ नका, अख्खं कार्नेट संशयात येईल. यादीतली वस्तू नेली नाही तरी बिघडत नाही. मुंबईला शिक्का मारताना यादीतल्या कोणत्या क्रमांकाच्या वस्तू प्रत्यक्ष बाहेर गेल्या ते नोंदवलं जातं. त्यामुळे ती लेन्स घरी ठेवा. न्यायचीच असेल तर बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सकडून तिचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यानं भारतात परतताना ड्युटीचा प्रश्न सुटेल. अमेरिकेत मात्र ती कार्नेटबाहेरची वस्तू, तिथं ती वेगळी जाहीर करावी लागेल.

भाड्याच्या सामानाचं कार्नेट दुकानाच्या नावानं असेल तर घेऊन जाणाऱ्याचं नाव प्रतिनिधी म्हणून कार्नेटवर असायलाच हवं. दोघं वेगवेगळ्या विमानानं जाणार असाल तर सगळं सामान कार्नेट हातात असलेल्या माणसाबरोबरच ठेवा.

वायरलेस माइकची फ्रिक्वेन्सीही बघून घ्या. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा बराचसा भाग जुलै २०२० पासून अशा माइकना बंद आहे. इथं बिनबोभाट चालणारा जुना सेट तिथं बेकायदा ठरू शकतो.

शिक्के चार: मुंबई सोडताना आणि परतल्यावर पिवळ्या पानांवर, अमेरिकेत शिरताना आणि निघताना पांढऱ्यांवर. नेहमी चुकतो तो तिसरा, अमेरिकेतून निघतानाचा, कारण तोवर सगळे दमलेले असतात आणि बॅगा भराभर बेल्टवर जातात. मग माल तिथंच विकला असं धरून ड्युटीची मागणी येऊ शकते, तीही काही महिन्यांनी. तो शिक्का राहिलाच, तर मुंबईत उतरल्यावर कस्टम्सच्या रेड चॅनलनं जा आणि पुन्हा आयातीचा शिक्का न चुकता घ्या. माल अमेरिकेबाहेर आल्याचा पुरावा म्हणून तोच पुढे करता येतो. वर काही शुल्क लागू शकतं. कार्नेट फिक्कीला परत करण्याआधी शिक्के मारलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.