रुब्रिकमध्ये ‘चांगले’, ‘समाधानकारक’ न लिहिता स्तर कसे लिहावेत: समुद्राच्या भरतीच्या वह्यांवरून एक नमुना

प्रकल्प तपासायला रुब्रिक करा म्हटलं की बहुतेक शाळांत एकच चौकट फिरते. वर ‘उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक’ आणि खाली तेच शब्द पुन्हा, वाक्यात घालून: ‘अतिशय योग्य निष्कर्ष काढतो’, ‘बऱ्यापैकी योग्य निष्कर्ष काढतो’, ‘काही प्रमाणात निष्कर्ष काढतो’. अशा चौकटीने वही तपासली काय आणि नुसती चाळून गुण दिले काय, फरक पडत नाही. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे किती हे प्रत्येक शिक्षक आपल्या मनाने ठरवतो, आणि मुलाला तर त्यातून काहीच कळत नाही.

रत्नागिरीच्या उत्तरेकडे, खाडीकाठच्या शाळेत, सातवीला आम्ही दरवर्षी एक प्रकल्प देतो. घरच्या मोठ्या माणसाबरोबर धक्क्यावर जायचं आणि पंधरवडाभर, दिवसाउजेडी येणारी भरती पूर्ण कधी झाली ती वेळ लिहायची. पाणी चढायचं थांबून उतरायला लागलं की घड्याळ बघायचं, आणि धक्क्याच्या किती पायऱ्या कोरड्या राहिल्या ते मोजायचं. शेवटी या नोंदींवरून काय दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं. याच प्रकल्पाचं रुब्रिक कसं बसवायचं ते सांगते.

पहिलं काम: निकष. तीन पुरेत: नोंदी, निष्कर्ष, मांडणी. पाचसहा घेतलेत तर तपासताना तुम्हीच दमाल.

दुसरं: स्तर. चार ठेवा, नावं न देता नुसते १ ते ४ आकडे द्या. नाव दिलं की त्या नावाला शोभेल असं वाक्य लिहायला हात जातो.

तिसरं: मागच्या वर्षीच्या वह्या काढा. कोऱ्या कागदासमोर बसून रुब्रिक लिहू नका. प्रकल्प पहिल्यांदाच देत असाल तर चारपाच मुलांकडून त्याचा छोटा तुकडा आधी करून घ्या. वह्या वाचा आणि एका निकषापुरते त्यांचे गठ्ठे करा. अजून काही लिहू नका.

चौथं: गठ्ठ्यांमधला फरक शब्दांत पकडा. सगळी मेहनत इथे आहे. बाकीच्या पायऱ्या एका दुपारी उरकतात, ही मात्र दोन वेळा तरी फाडून पुन्हा लिहावी लागते. म्हणून एकच निकष घेऊन सविस्तर बघू: निष्कर्ष. चार वह्यांतली चार उत्तरं अशी:

पहिली: ‘भरती चंद्राच्या आकर्षणामुळे येते.’

दुसरी: ‘भरतीची वेळ रोज बदलते.’

तिसरी: ‘भरती रोज उशिरा येते. सोमवारी १०:२० ला होती, मंगळवारी ११:०५ ला.’

चौथी: ‘सोमवारी १०:२०, मंगळवारी ११:०५, बुधवारी ११:४५. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे जाते. म्हणून शुक्रवारी सव्वा वाजता येईल असं आधी लिहून ठेवलं. पाणी १:०५ लाच उतरायला लागलं.’

आता ‘योग्य निष्कर्ष काढतो’ हे वर्णन घेऊन पहिली वही तपासा. वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, मग पूर्ण गुण द्यायचे? ते वाक्य पुस्तकात आहे. धक्क्यावर एकदाही न जाता लिहिता येतं, आणि वहीतला तक्ता फाडून टाकला तरी त्याला धक्का लागत नाही. चौथ्या वहीतला अंदाज उलट दहा मिनिटांनी चुकला आहे. ‘योग्य’ हा शब्द ठेवलात तर चुकलेल्या अंदाजाचे गुण कापणारा एखादा शिक्षक निघतोच. म्हणजे ज्या मुलाने नोंदीतून खरंच काही काढलं त्याला कमी आणि ज्याने पुस्तकातलं उतरवलं त्याला जास्त.

म्हणून चारही उत्तरांना एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य मुलाच्या तक्त्यातल्या कुठल्या ओळीवर उभं आहे? ती ओळ बोट ठेवून दाखवता येते का? पहिल्यात येत नाही. दुसऱ्यात सगळा तक्ताच मोघमपणे मागे आहे. तिसऱ्यात दोन ओळी दिसतात. चौथ्यात तीन ओळी दिसतात, त्यांतून काढलेला फरक दिसतो आणि तो फरक पुढच्या दिवसाला लावून पाहिलेला दिसतो. वर्णनं याच्यातून निघतात:

स्तर १: भरतीविषयी विधान आहे, पण ते स्वतःच्या तक्त्याशिवायही लिहिता आले असते (पुस्तकातील कारण, धक्क्यावरच्या दिवसाचे वर्णन).

स्तर २: तक्त्यात दिसणारा बदल सांगितला आहे, मात्र तक्त्यातील एकही वेळ किंवा पायऱ्यांची संख्या दिलेली नाही.

स्तर ३: बदल कोणत्या दिशेने होतो ते सांगून तक्त्यातील किमान दोन दिवसांच्या नोंदी पुरावा म्हणून दिल्या आहेत.

स्तर ४: बदल साधारण कितीने होतो ते नोंदींवरून काढले आहे, त्यावरून पुढच्या एका दिवसाची वेळ आधी लिहिली आहे आणि प्रत्यक्षात दिसलेली वेळ शेजारी दिली आहे. दोन्ही जुळल्या नाहीत तरी हाच स्तर.

पहिल्या स्तराचं वर्णन बघा. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असं मी तिथे लिहू देत नाही. ते मुलाबद्दलचं मत झालं, वहीत काय आहे ते त्यात येत नाही. सगळ्यांत खालच्या स्तरावरही मुलाने काहीतरी लिहिलेलं असतं. काय लिहिलं आहे ते सांगा. वही कोरी असेल तर तिला स्तरच नको, ‘काम दिलेले नाही’ एवढी नोंद करा.

सर्वांत अवघड मधले दोन स्तर. ‘कितीने’ ही अट तिसऱ्या स्तरात घालायचा मोह होतो. तशी घातलीत की वर दिलेली तिसरी वही लटकते: तिने दिशा सांगितली, दोन वेळा दिल्या, पण पाऊण तास हा हिशेब केला नाही. ती दुसऱ्यात बसत नाही आणि तिसऱ्यातही बसत नाही. अशी वही हातात आली की तिला कुठेतरी ढकलू नका, अट हलवा. ‘कितीने’ची गरज खरी अंदाज बांधताना लागते, म्हणून ती चौथ्यात गेली. दोन शेजारच्या स्तरांत एकच नवी गोष्ट वाढू द्या. एका स्तरावर दोन अटी वाढवल्यात आणि मुलाने त्यातली एकच पूर्ण केली, तर तपासणारा पुन्हा आपल्या मनावर येतो. चौथ्या स्तरात मी तीन गोष्टी एकत्र ठेवते, कारण फरक काढल्याशिवाय अंदाज येत नाही आणि खरी वेळ बघितल्याशिवाय अंदाजाला अर्थ नाही. एक करणारं मूल बहुधा तिन्ही करतं. वह्यांत तसं दिसलं नसतं तर मी त्या तोडल्या असत्या.

आणखी एक: अंदाज लिहायचा आहे हे प्रकल्पाच्या सूचनेत नसेल तर तो स्तर चारमध्ये मागू नका. ज्याची संधीच दिली नाही त्याचा पुरावा मुलांनी कुठून आणायचा? वर्णन लिहिल्यावर सूचनेचा कागद परत उघडा आणि तिथे एक ओळ वाढवा.

आता ज्या सल्ल्याचा मला खरोखर राग येतो तो. ‘मोघम शब्द नको ना, मग आकडे घाला’ असं प्रशिक्षणात सर्रास सांगितलं जातं. मग नोंदींच्या निकषाला वर्णनं येतात: १५ नोंदी, १२ नोंदी, ८ नोंदी. दिसायला नेमकी, मोजायला सोपी. पण पावसाळी हवेत पोरांना कुणी धक्क्यावर सोडत नाही, कुणी दोन दिवस आजोळी जातं, आणि मग गुणांसाठी राहिलेल्या ओळी घरी बसून भरल्या जातात. त्या ओळखायला वेळ लागत नाही. आमच्याकडे घरोघरी हिशेब ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट करायची की भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे दिवसाला पाऊण तास. खरी भरती इतकी एकसारखी सरकत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ती कमी सरकते, अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत तासाच्याही वर जाते. सगळ्या ओळींत बरोबर ४५ मिनिटांचा फरक असलेली वही धक्क्यावरून आलेली नसते, आणि आकड्यांचं रुब्रिक तिलाच सर्वांत वर बसवतं.

म्हणून नोंदींच्या निकषात मी हे बघते: वेळ घड्याळाची आहे की ‘सकाळी’, ‘दुपारी’ अशी, कोरड्या पायऱ्यांची संख्या आहे का, आणि जो दिवस चुकला त्याची ओळ रिकामी ठेवून कारण लिहिलं आहे का. वरच्या स्तराचं वर्णन असं होतं: ‘नोंद झालेल्या प्रत्येक दिवशी घड्याळाची वेळ व पायऱ्यांची संख्या आहे, चुकलेल्या दिवसाची ओळ रिकामी असून कारण दिले आहे.’ अकरा ओळींची अशी वही पंधरा ओळींच्या बनावट वहीच्या वर जाते. आकडा पूर्ण टाकायचा नाही; आठवड्याहून कमी नोंदी असतील तर बदल दिसतच नाही, म्हणून किमान सात ही अट राहते. पाणी वर येऊन काही वेळ स्थिर राहतं, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांचा फरक धरूनच चालायचं. ‘अचूक वेळ’ असं लिहू नका.

मांडणीचा निकष झटपट होतो. ‘सुबक’, ‘नीटनेटकी’ काढा. ‘तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला शीर्षक आहे, वेळेपुढे सकाळ-दुपार लिहिली आहे’ एवढं घाला. अक्षराला गुण द्यायचे असतील तर तो वेगळा निकष करा, नाहीतर ते निष्कर्षाच्या गुणांत शिरतं.

पाचवं: दुसऱ्याच्या हातून तपासून घ्या. पाच वह्या आणि रुब्रिक सहकाऱ्याला द्या, समजावून काही सांगू नका. दोघांनी वेगवेगळं तपासा. जिथे स्तर जुळणार नाही तिथे ‘तो मुलगा हुशार आहे हो बाई’ ही चर्चा सुरू होण्याआधी वही उघडा आणि विचारा, ‘सर, हा स्तर कुठल्या ओळीवरून दिलात?’ त्यांनी दाखवलेली ओळ तुमच्या वर्णनात बसत असेल तर तुम्ही ती वाचायची सोडली होती. ओळच दाखवता आली नाही, तर तुमच्या वर्णनात अजून एखादा मोघम शब्द लपला आहे. बहुधा ‘स्पष्ट’, ‘पुरेसे’ किंवा ‘समजले आहे’ यांपैकी एक. ‘समजले आहे’ दिसलं की लगेच विचारा: समजलं हे वहीत कशावरून दिसलं? जे उत्तर येईल तेच वर्णनात लिहा.

सहावं: मुलांना आधी द्या. प्रकल्प सांगतानाच, त्यांच्या भाषेत: ‘मी माझ्या तक्त्यातल्या दोन दिवसांच्या वेळा दिल्या आहेत.’

श्रेणीत रूपांतर तपासणी संपल्यावर करा, रुब्रिकच्या कागदावर श्रेणी छापू नका. आणि प्रत्येक स्तराच्या एकेका वहीच्या निष्कर्षाच्या पानाची झेरॉक्स, नाव झाकून, रुब्रिकला टाचून ठेवा. पुढच्या वर्षी सातवीला नवे शिक्षक आले तर त्यांना तिसरा आणि चौथा स्तर त्या पानांवरून लगेच कळतो.